संहार करणारा देव वाईट का नाही? ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्या कामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली मंडळी विधी आटोपल्यावर बहुधा त्र्यंबकेश्वरला जाऊन येतात. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं आणि समोर ज्याला आपण संहारकर्ता म्हणतो तोच देव असतो. त्याला हात जोडताना मनात प्रश्न येतातच. पंचवटीत राहणाऱ्यांना असे प्रश्न वर्षभर ऐकू येतात. पाहुण्यांकडून येतात, घरातल्या मुलांकडून येतात, कधी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडूनही येतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात खरंच तीन लिंगं आहेत का?

हो. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे स्थान त्यामुळेच वेगळं आहे. इतर ठिकाणी शाळुंकेवर वर आलेलं लिंग दिसतं. इथे शाळुंकेच्या मधोमध खळगा आहे आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे आहेत. ते ब्रह्मा, विष्णू आणि महेश. खळग्यात पाणी झिरपत राहतं. एरवी त्यावर मुखवटा असतो, त्यामुळे घाईघाईत दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या पुष्कळांना तीन लिंगं आहेत हे कळतही नाही. आज दिसतं ते काळ्या पाषाणातलं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधायला घेतलं. गाभाऱ्यातलं स्थान त्याहून कितीतरी जुनं मानलं जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिघांना तीन देवळं नाहीत, तीन गाभारेही नाहीत. एकाच खळग्यात, एकाच पाण्यात तिघं आहेत. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

म्हणजे ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू सांभाळतो आणि शंकर नाश करतो, असंच ना?

शाळेत आपण असंच शिकतो आणि ते चुकीचं नाही. पण तेवढंच धरून बसलं तर मंत्रिमंडळातली खाती वाटून दिल्यासारखं चित्र उभं राहतं. एकाने करायचं, दुसऱ्याने राखायचं, तिसऱ्याने मोडायचं. मग मोडणारा इतर दोघांच्या विरोधात आहे असं वाटू लागतं. ‘संहारकर्ता वाईट का नाही’ हा प्रश्न मुळात या चित्रातूनच येतो.

ग्रंथांत चित्र वेगळं आहे. विष्णुपुराणाच्या पहिल्याच अंशात म्हटलं आहे की एकच जनार्दन सृष्टी, स्थिती आणि अंत या तीन कामांमुळे ब्रह्मा, विष्णू आणि शिव ही तीन नावं घेतो. कर्ता एक, कामं तीन. त्याही मागे जुन्या उपनिषदांत गेलात तर तिथे त्रिमूर्ती हा शब्दसुद्धा नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या वडिलांना, वरुणांना, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. ते सांगतात, ज्यातून ही सगळी भूतं जन्मतात, जन्मल्यावर ज्याच्यामुळे जगतात आणि जाताना ज्याच्यात शिरतात, ते जाणून घे, ते ब्रह्म. परमतत्त्वाची ओळख देतानाच तिसरी गोष्ट आत घेतली आहे. जाणं वगळलं तर ती ओळख अपुरी राहते.

पुराणकथांत तर तिघंही एकमेकांची कामं करताना दिसतात. हिरण्यकशिपूला मारतो तो पालनकर्ता विष्णू. समुद्रमंथनात निघालेलं हलाहल पिऊन जग वाचवतो तो संहारकर्ता शंकर. ‘लोकांचा क्षय करणारा काळ मी आहे’ हे वाक्य गीतेत येतं ते श्रीकृष्णाच्या तोंडी, आणि तो विष्णूचा अवतार. देवीमाहात्म्य तिन्ही कामं देवीकडे देतं. त्यामुळे सप्तशृंगगडावर जाणाऱ्या भाविकाला सृष्टी, स्थिती आणि संहार या तिन्हींसाठी एकच आई पुरते.

शंकर तमोगुणाचा स्वामी म्हणतात. तमोगुण तर वाईट ना?

रज निर्मितीशी, सत्त्व पालनाशी आणि तम संहाराशी जोडला जातो, हे बरोबर. घोटाळा होतो तो रोजच्या बोलण्यामुळे. ‘तामसी माणूस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आळशी, रागीट, दारूडा माणूस येतो आणि तोच अर्थ आपण देवाला चिकटवतो.

सांख्य विचारात गुण म्हणजे चांगल्या-वाईटाचे शेरे नव्हेत. सगळी प्रकृती या तीन धाग्यांची बनलेली आहे. रज हालचाल देतो, सत्त्व प्रकाश आणि समतोल देतो, तम जडपणा देतो, थांबवतो, झाकतो. जगातल्या प्रत्येक वस्तूत तिन्ही असतात. तम अजिबात नसेल तर काहीच स्थिर होणार नाही आणि कुणाला झोपही लागणार नाही. उलट गीतेचा चौदावा अध्याय सांगतो की सत्त्वगुणसुद्धा माणसाला बांधतो. तो सुखाच्या आणि ज्ञानाच्या ओढीने बांधतो इतकंच. सुटायचं आहे ते तिन्ही गुणांतून. आणि शंकर तमाचा स्वामी आहे, त्याच्या ताब्यात नाही. तो तम हाताळतो.

प्रलय म्हणजे एके दिवशी सगळं संपणार, असं आहे का?

नाही. प्रलयाचे प्रकार नीट पाहिले की मूळ प्रश्न अर्धाअधिक सुटतो. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. पुराणांत प्रलय चार प्रकारचा सांगितला आहे.

पहिला नित्य प्रलय. जन्मलेल्या प्राण्यांचा रात्रंदिवस होत राहणारा नाश. हे वाचत असतानाही तो चालू आहे. वेदान्ताच्या काही ग्रंथांत रोजच्या गाढ झोपेलाही नित्य प्रलय म्हटलं आहे, कारण तिथेही नाव, गाव, नातीगोती, ‘मी अमुक’ हे सगळं काही काळ मावळलेलं असतं. आणि झोपेला कुणी वाईट म्हणत नाही.

दुसरा नैमित्तिक प्रलय. ब्रह्मदेवाचा दिवस म्हणजे एक हजार चतुर्युगं. एक चतुर्युग 43 लाख 20 हजार वर्षांचं, म्हणजे तो दिवस 432 कोटी वर्षांचा. तो संपला की रात्र. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात त्या संध्याकाळचं वर्णन आहे. आधी शंभर वर्षं पाऊस पडत नाही. मग विष्णू रुद्ररूप घेतो, सूर्याच्या सात किरणांत शिरून सगळं पाणी पिऊन टाकतो, आणि जळून गेलेली धरणी कासवाच्या पाठीसारखी दिसते. नंतर प्रचंड मेघ येतात, शंभर वर्षांहून जास्त काळ पाऊस कोसळतो आणि एकच समुद्र उरतो. त्या समुद्रावर तोच विष्णू शेषावर झोपतो. रात्र दिवसाएवढीच मोठी असते. ती सरली की तो उठतो आणि ब्रह्मा होऊन पुन्हा निर्मिती करतो. जाळणारा, झोपणारा आणि पुन्हा घडवणारा इथे एकच आहे.

तिसरा प्राकृतिक प्रलय. ब्रह्मदेवाचं आयुष्य संपलं की होतो तो. जसं घडलं त्याच्या उलट्या क्रमाने सगळं आत ओढलं जातं. पाणी आधी पृथ्वीचा गंध काढून घेतं आणि गंध गेला की पृथ्वी पाण्यात मिसळते. पाण्याचा रस तेज घेतं, तेजाचं रूप वायू घेतो, वायूचा स्पर्श आकाश घेतं. पुढे आकाश अहंकारात, अहंकार महत्तत्त्वात आणि तेही प्रकृतीत विरतं. तोडफोड कुठेच नाही. प्रत्येक वस्तू ज्याच्यापासून झाली, त्याच्यात परत जाते.

चौथा आत्यंतिक प्रलय, आणि माझ्या मते या प्रश्नाचा खरा निकाल इथे लागतो. आत्यंतिक प्रलय म्हणजे मोक्ष. ज्ञान झाल्यावर जीवाचं बंधन कायमचं विरून जातं, ती मुक्तीच प्रलयाचा चौथा प्रकार म्हणून मोजली आहे. जी गोष्ट मिळवण्यासाठी माणसं जन्मभर साधना करतात, तिला ज्या परंपरेने प्रलयाच्या यादीत बसवलं, तिला लय हीच मुळात वाईट गोष्ट वाटत असणं शक्य नाही.

मग मृत्यू कुणी आणला? शंकराने?

महाभारतातली कथा याच्या अगदी उलट सांगते. ती फारशी ऐकवली जात नाही याचं मला वाईट वाटतं, म्हणून इथे सविस्तर देतो.

शांतिपर्वात भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगतात. द्रोणपर्वाच्या प्रचलित प्रतींतही, अभिमन्यू पडल्यावर, ती येते. दोन्हीकडे मूळ सांगणारे नारद आणि मूळ ऐकणारा एक राजा, ज्याचा मुलगा लढाईत गेला आहे. म्हणजे ही कथा सुखात बसलेल्या माणसासाठी रचलेली नाही. ज्याचं पोर गेलंय त्याला ती सांगितली आहे.

ब्रह्मदेवाने प्रजा निर्माण केली. ती वाढत गेली आणि मरत कुणीच नव्हतं. श्वास घ्यायला जागा उरेना. पृथ्वीला भार सोसेना. ही प्रजा कमी कशी करायची, हे ब्रह्मदेवाला सुचेना, आणि न सुचल्यामुळे त्याला राग आला. त्या रागातून आग निघाली आणि ती आकाश, पृथ्वी, चराचर जाळत सुटली. निर्माणकर्ताच जाळत सुटला होता.

तेव्हा मध्ये पडतो तो रुद्र. प्रजेची दया येऊन तो ब्रह्मदेवाकडे जातो आणि विनवतो, ‘ही तूच निर्माण केलेली लेकरं आहेत. ती अशी जळून कायमची नाहीशी होऊ देऊ नकोस. ती पुन्हा पुन्हा येतील-जातील असा काही उपाय कर.’ रुद्र मृत्यू टाळायला सांगत नाही, कारण कुणीच मेलं नाही तर काय होतं ते त्याच्यासमोरच आहे. त्याची मागणी एवढीच की गेलेला परत येऊ शकेल.

ब्रह्मदेव आग आवरतो. तो राग आत घेताना त्याच्या देहातून एक स्त्री प्रकट होते. काळी-तांबडी वस्त्रं, काळे डोळे. ती मृत्यू. ब्रह्मदेव तिला प्रजेचा संहार करायला सांगतो आणि ती रडू लागते. ब्रह्मदेव तिचे अश्रू आपल्या ओंजळीत झेलतो. ती म्हणते, ‘लहान मुलं, तरुण, म्हातारे, कुणाचे आईबाप, कुणाची भावंडं, यांना मी कशी नेऊ? मागे राहिलेल्यांचे अश्रू मला जाळतील.’ ती काम नाकारते आणि दीर्घकाळ तप करते, हे काम टळावं एवढ्यासाठी. ब्रह्मदेव मात्र आज्ञा मागे घेत नाही. तो तिला दोन गोष्टी सांगतो. तुला अधर्म लागणार नाही. आणि तुझे जे अश्रू मी झेलले, ते व्याधी होऊन वेळ आल्यावर माणसांना गाठतील. काम आणि क्रोध प्राण्यांना आतून ग्रासतील, आणि तू कुणावर प्रेम वा राग न धरता सगळ्यांना सारखंच वागव.

या कथेत मृत्यू स्वतः क्रूर नाही, ती रडते. रुद्र दयाळू आहे. धोकादायक ठरते ती मृत्यूच नसलेली निर्मिती आणि तिच्यातून उसळलेला राग. जाणं हे जगाच्या रचनेत बसवलं गेलं ते जग वाचावं म्हणून.

संहार पाप नाही, तर मग शंकराला ब्रह्महत्या का लागली? आमच्या कपालेश्वराची कथा तीच सांगते ना?

नाशिककराने विचारायलाच हवा असा हा प्रश्न. पंचवटीत रामकुंडाजवळ, पायऱ्या चढून गेल्यावर कपालेश्वराचं देऊळ आहे आणि तिथे महादेवासमोर नंदी नाही. गावात सांगितली जाणारी कथा अशी.

ब्रह्मदेवाला तेव्हा पाच मुखं होती. चार मुखं वेद म्हणत, पाचवं निंदा करी. शंकराने रागाने ते पाचवं मस्तक उडवलं आणि त्याला ब्रह्महत्येचं पातक लागलं. पातक घेऊन तो फिरत राहिला, ते सुटेना. एके ठिकाणी त्याने गाय आणि तिच्या वासराचं बोलणं ऐकलं. मालक ब्राह्मण दुसऱ्या दिवशी वासराला वेसण घालणार होता. वासरू म्हणालं, मी त्याला मारीन. गाय म्हणाली, ब्रह्महत्या लागेल. वासरू म्हणालं, ती कशी धुवायची ते मला ठाऊक आहे. सकाळी तसंच झालं. ब्राह्मणाला मारताच वासराचं अंग काळं पडलं. ते धावत निघालं, अरुणा गोदावरीला मिळते तिथे, रामकुंडात त्याने बुडी मारली आणि ते पुन्हा पांढरं झालं. मागोमाग आलेल्या शंकराने तिथेच स्नान केलं आणि त्याचं पातक गेलं. ते वासरू म्हणजे नंदी. ज्याने वाट दाखवली तो गुरू, म्हणून शंकराने त्याला इथे आपल्यासमोर बसू दिलं नाही.

याच प्रसंगाच्या इतर कथाही आहेत. काशीतही कपालमोचन तीर्थ आहे. पण नाशिकच्या कथेत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की देवाला सूट मिळालेली नाही. कल्पाच्या शेवटी तिन्ही लोक जाळणाऱ्या रुद्राला पाप लागतं असं कुठे म्हटलेलं नाही. अपमान झाला म्हणून एक मस्तक उडवणाऱ्या त्याच रुद्राला मात्र वणवण फिरावं लागलं आणि एका वासराकडून शिकून नदीत उतरावं लागलं. पहिला संहार काळाच्या क्रमाने येतो, सगळ्यांना सारखा लागू होतो आणि त्यात द्वेष नसतो. दुसरी हत्या आहे. एकाने दुसऱ्यावर रागाने केलेली. दोन्हींत काही ना काही नाहीसं होतं, तरी परंपरा त्यांना एका तागडीत घालत नाही.

म्हणून ‘हिंदू विचारात नाश वाईट नाही’ हे वाक्य सरसकट वापरू नये. लय वाईट नाही. हत्या वाईटच आहे, करणारा महादेव असला तरी.

तसं असेल तर वाईट म्हणजे काय? राक्षस कशासाठी मारले जातात?

देवाच्या तोडीचा, सगळ्या वाईटाचा एकच उगम असलेला कुणी सैतान इथे नाही. वाईट म्हणजे अधर्म, आणि तो काम, क्रोध, लोभ यांतून येतो, देवांतही येऊ शकतो. असुरही तप करतात आणि त्यांना वरही मिळतात.

हिरण्यकशिपूचं उदाहरण घ्या. त्याने ब्रह्मदेवाकडे मागितलं काय? मरण येऊ नये. माणसाकडून नको, पशूकडून नको, आत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, शस्त्राने नको. स्वतःचा लय बंद करून घ्यायची ही खटपट होती. आणि एकदा आपण जाणार नाही अशी खात्री झाल्यावर त्याने बाकीच्यांचं जगणं अशक्य केलं, पोटच्या मुलाचंसुद्धा. पुराणांतले असुर पुष्कळदा हेच मागतात. संहार त्यांचा दोष नसतो. जायला नकार देणं हा त्यांचा दोष असतो. नरसिंह उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नखांनी त्याला मारतो तेव्हा थांबलेला क्रम पुन्हा सुरू होतो.

माणसाने केलेला नाश, युद्ध, जंगलतोड, नदीची नासाडी, हेही मग ‘शंकराचं काम’ म्हणून खपवायचं का?

नाही. वर कपालेश्वराच्या कथेत शंकरालाच ते खपलेलं नाही. माणसासाठी अहिंसा आणि स्वधर्म ही मापं आहेत, प्रलय हे नाही.

घरात मृत्यू झालेला असताना हे तत्त्वज्ञान सांगावं का?

विचारलं नाही तर सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दशक्रियेच्या दिवशी घाटावर बसलेल्या माणसाला ‘मृत्यू वाईट नसतो’ असं ऐकवणं हे धर्मज्ञान नव्हे. लय वाईट नाही याचा अर्थ दुःख खोटं आहे, असा होत नाही. महाभारतात खुद्द मृत्यू रडते, तर मागे राहिलेल्यांनी का रडू नये?

परंपरेने रुद्राची भीतीही लपवलेली नाही. ऋग्वेदात त्याला विनवलं आहे की आमच्या मोठ्यांना मारू नकोस, आमच्या लहानग्यांना मारू नकोस. त्याच सूक्तांत तो औषधं देणारा वैद्यही आहे. बाण आणि औषध एकाच हातात आहेत, हे ओळखून केलेली ती प्रार्थना आहे.

काही म्हणायचंच असेल तर महामृत्युंजय मंत्र आहे. तो ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला, आणि त्यात हाक आहे ती त्र्यंबकालाच. त्याला तिथे सुगंधी आणि पुष्टी वाढवणारा म्हटलं आहे, नाश करणारा म्हटलेलं नाही. मागणं असं की पिकलेलं काकडीच्या जातीचं फळ जसं देठातून सुटतं, तसा मला मृत्यूच्या बंधनातून सोडव, अमृतापासून मात्र सोडवू नकोस. आपल्याकडे शेतात वाळूक किंवा शेंदाड पिकलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कच्चं ओढलं तर वेल फाटतो. पिकलं की नुसत्या स्पर्शाने हातात येतं.

रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. रामकुंडातल्या या जागेला अस्थिविलय तीर्थ म्हणतात आणि इथे अस्थी पाण्यात विरून जातात अशी श्रद्धा आहे. श्रीरामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं असं मानतात. आपण अस्थी टाकून देत नाही. दूध, तीळ, फुलं, मंत्र यांच्यासह त्या पाण्याच्या स्वाधीन करतो. प्राकृतिक प्रलयात पृथ्वी पाण्यात मिसळते असं पुराण सांगतं, त्यातला एका माणसापुरता भाग तिथे आपल्या ओंजळीतून होतो. त्यात मान आहे, काळजी आहे. वाईट गोष्ट कुणी अशा रीतीने करत नाही.

ब्रह्मदेवाची देवळं इतकी कमी का?

कथा म्हणते शाप. ज्योतिर्लिंगाचं टोक सापडलं असं तो खोटं बोलला आणि केतकीने खोटी साक्ष दिली, म्हणून त्याची पूजा नाही आणि केवडा शंकराला चालत नाही. कथेबाहेरचं एक कारण मला जास्त पटतं. निर्मिती होऊन गेलेली आहे. माणसाला रोज लागतं ते सांभाळणारं आणि सोडवणारं दैवत. त्र्यंबकेश्वरला मात्र तिघांनाही एकच अभिषेक होतो, ब्रह्मदेव त्यात वगळला जात नाही.

दत्त म्हणजे हेच तिघं ना?

हो. महाराष्ट्रात त्रिमूर्ती लोकांच्या घरात पोचली ती दत्तामुळे. सहा हातांत माळ आणि कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख आणि चक्र विष्णूचे, डमरू आणि त्रिशूळ शंकराचे. गंगेवर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. तिथे तीन शिरंही दाखवलेली नाहीत. तीन कामांचा एकच कर्ता, ही विष्णुपुराणातली गोष्ट तिथे मूर्तीतच दिसते.

शैव आणि वैष्णव वेगळे, सिंहस्थातसुद्धा वेगळीकडे स्नान करतात. मग हे तिघं एक कसे?

पंथ वेगळे आहेत आणि त्यांच्यात इतिहासात भांडणंही झाली आहेत, ते नाकारायचं कारण नाही. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात स्नान करतात, वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडात. दोघांच्या ग्रंथांत श्रेष्ठ कोण याबद्दल एकमत नाही. शैव म्हणतात तिन्ही कामं शिवाची, आणि शैव सिद्धान्त तर त्यात तिरोभाव आणि अनुग्रह, म्हणजे झाकणं आणि कृपा करणं, ही आणखी दोन जोडतो. वैष्णव म्हणतात तिन्ही विष्णूची. वाद आहे तो कर्त्याच्या नावाचा. संहार हे परमेश्वराचंच काम, दुसऱ्या कुणाचं नाही, यावर दोघांचं दुमत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला नाशिकला या. त्या दिवशी इथे हरिहर भेट होते. एका काठावर कपालेश्वर, पलीकडच्या काठावर सुंदरनारायण. एरवी बेल शंकराला आणि तुळस विष्णूला वाहतात. त्या मध्यरात्री उलट होतं, बेल विष्णूला जातो आणि तुळस महादेवाला. जाताना दोन्ही पानं बरोबर न्या, तिथे गर्दीत ऐनवेळी मिळतीलच असं नाही.